दहावीच्या ‘भिंगे’ धड्याच्या स्लाइड्सवरून सराव प्रश्न आणि उत्तरसूची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं कोणासाठी आहे?

पुण्यातल्या शाळांत दहावीला विज्ञान शिकवणारे, घरगुती शिकवणी घेणारे आणि मुलाचा अभ्यास स्वतः घेणारे पालक यांच्यासाठी. ‘स्लाइड्स तयार आहेत, आता त्यावर सराव चाचणी कशी काढू’ असं विचारणाऱ्यांना ही उत्तरं आहेत. सगळं एकाच धड्यावर दाखवलं आहे: विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’. या धड्यात व्याख्या आहेत, आकृत्या आहेत, आकडेमोड आहे आणि चिन्हांचा घोळही आहे. चिन्हांचा घोळ सर्वांत जास्त छळतो, म्हणून निम्मं पान त्यावरच खर्च झालं आहे.

अप्पा बळवंत चौकात ढीगभर प्रश्नसंच मिळतात. मग हा खटाटोप कशाला?

प्रश्न हवे असतील तर खुशाल तिथून आणा. पण त्या संचांतल्या उत्तरसूचीत बहुतेक वेळा ‘१-क, २-अ, ३-ड’ एवढंच असतं. मुलाने ‘ब’ का निवडलं ते त्यातून कळत नाही. शिवाय तुमच्या स्लाइड्समध्ये तुम्ही कुठे थांबलात, कुठे घाई केलीत, हे तुम्हालाच माहीत असतं. स्वतः काढलेल्या चाचणीत चुकीचे पर्यायही आपल्या हातात राहतात. ते नीट निवडले, तर पेपर तपासतानाच कोणाचं काय अडलंय ते समोर येतं.

स्लाइड्समधला मजकूर एकत्र कसा काढू? प्रत्येक स्लाइड बघून टाइप करत बसायचं का?

पॉवरपॉइंटमध्ये View मधून Outline View उघडा. सगळ्या स्लाइड्सचा मजकूर डावीकडे ओळीने दिसतो आणि तो कॉपी करता येतो. मात्र तिथे शीर्षकाच्या आणि मुख्य मजकुराच्या ठरलेल्या चौकटींतलाच मजकूर येतो. तुम्ही स्वतः टेक्स्ट बॉक्स टाकून लिहिलेलं, आकृतीवरची नावं, चित्र म्हणून चिकटवलेला तक्ता यांपैकी काही येत नाही. भिंगांच्या धड्यात हा फटका मोठा बसतो, कारण F1, 2F1, O ही सगळी नावं आकृतीवरच असतात आणि सूत्रही अनेकदा चित्रातच असतं. म्हणून आउटलाइन कॉपी झाली की एकदा स्लाइड्स पुढे सरकवत राहिलेलं हाताने भरा. खालच्या नोट्सही बघा. वर्गात तोंडी सांगायचं उदाहरण आपण तिथेच लिहून ठेवलेलं असतं.

स्लाइड्स जुन्या असतील तर आणखी एक अडचण येते. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी दुसरीकडे चिकटवलं की अगम्य अक्षरं उमटतात. एकाच धड्याचा प्रश्न असेल तर कन्व्हर्टर शोधत बसण्यापेक्षा युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलेलं बरं. कन्व्हर्टरमध्ये जोडाक्षरं बिघडली आणि नजरेतून सुटली, तर ‘बहिर्वक्र’चं भलतंच काही होऊन पेपरात जातं.

प्रत्येक स्लाइडवर एक प्रश्न काढला तर चालेल का?

चालत नाही. शीर्षकाची स्लाइड, ‘आज आपण काय शिकणार’ची स्लाइड, गॅलरीतला फोटो, यांवर ओढूनताणून प्रश्न काढले जातात आणि चिन्हसंकेतासारख्या जड स्लाइडला मात्र एकच प्रश्न मिळतो. त्याऐवजी प्रत्येक स्लाइडसमोर एका वाक्यात लिहा: ही स्लाइड बघितल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे? वाक्य सुचलं नाही तर त्या स्लाइडवर प्रश्न नको.

भिंगांच्या स्लाइड्सवर हे करून पाहिलं की वाक्यं साधारण अशी येतात. भिंगाचा प्रकार ओळखता येणं. वस्तूच्या जागेवरून प्रतिमा कशी असेल ते सांगता येणं. चिन्हांसह सूत्र वापरता येणं. शक्ती काढता येणं. दृष्टिदोष आणि त्यावरचं भिंग यांची जोडी लावता येणं. चाचणी या कामांवर काढा. चिन्हांसह सूत्र वापरणं या एकाच कामाला तीन-चार प्रश्न गेले तरी काही बिघडत नाही.

स्लाइडवर लिहिलंय ते आणि पुस्तकातलं जुळत नसेल तर?

पुस्तक धरा आणि आधी स्लाइड दुरुस्त करा. स्लाइडवर जागा कमी असल्याने आपण वाक्य छाटतो आणि छाटताना अट गळून पडते. नेहमीचं उदाहरण म्हणजे ‘बहिर्वक्र भिंगामुळे वास्तव व उलट प्रतिमा मिळते’. वस्तू नाभीच्या बाहेर असेल तेव्हाच हे खरं. वस्तू नाभी आणि प्रकाशीय मध्य यांच्यामध्ये आणली की त्याच भिंगातून आभासी, सुलट, मोठी प्रतिमा दिसते. साधा सूक्ष्मदर्शक त्यावरच चालतो. छाटलेल्या वाक्यावर ‘चूक की बरोबर’ काढलंत, तर पुस्तक वाचून आलेला मुलगा ‘चूक’ लिहील आणि तुमची उत्तरसूची त्याचा गुण कापेल.

म्हणून उत्तरसूचीत प्रत्येक प्रश्नापुढे स्लाइडचा क्रमांक आणि पुस्तकाचं पान दोन्ही लिहा. पान सापडत नसेल तर तो प्रश्न बाजूला ठेवा.

आकडेमोडीच्या प्रश्नाला चुकीचे पर्याय कुठून आणायचे?

मनाला येईल तो आकडा टाकू नका. मुलं जी चूक करतात ती स्वतः करून बघा आणि जे उत्तर येईल ते पर्यायात ठेवा.

एक प्रश्न घेऊ. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेमी आहे. वस्तू भिंगासमोर १५ सेमीवर ठेवली. प्रतिमा किती अंतरावर मिळेल?

कार्टेशियन चिन्हसंकेतानुसार f = +10 आणि u = −15.

```
1/v − 1/u = 1/f
1/v = 1/10 + 1/(−15) = 1/30
v = +30 cm
```

आता चुका करू. मुलाने u चं उणे चिन्ह विसरलं तर 1/v = 1/10 + 1/15 = 1/6, म्हणजे ६ सेमी. नववीत शिकलेलं आरशाचं सूत्र, 1/v + 1/u = 1/f, डोक्यात बसलेलं असेल आणि त्यात u = −15 बरोबर टाकलं, तरीही ६ सेमीच येतं. भिंग बहिर्वक्र असूनही f उणे घेतलं तर −६ सेमी येतं. दोन्ही चिन्हं उलटी टाकली तर −३० सेमी.

पर्याय आपोआप तयार झाले: −३०, −६, ६, ३०. चढत्या क्रमाने लावले की बरोबर उत्तर कुठे लपवायचं ही चिंताही उरत नाही. ‘६’ निवडणारा आणि ‘−६’ निवडणारा, दोघांनाही शून्य गुण मिळतात. पण पहिल्याला सूत्र किंवा u समजवावं लागतं आणि दुसऱ्याला बहिर्वक्राची नाभी कुठल्या बाजूची धरायची ते.

मुलाने ३० निवडलं म्हणजे त्याला जमलं ना?

तिथेच फसायला होतं. सूत्र आरशाचं घेतलं आणि चिन्हं अजिबात टाकली नाहीत, सगळे आकडे अधिक धरले, तर काय येतं बघा: 1/v = 1/10 − 1/15 = 1/30. पुन्हा ३०. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि मुलाला पूर्ण गुण मिळाले. एकट्या बहिर्वक्र भिंगाच्या प्रश्नावरून हा मुलगा कधीच सापडत नाही.

त्याला शोधायचं असेल तर लगेच पुढे तेच आकडे घेऊन अंतर्वक्र भिंगाचा प्रश्न द्या. नाभीय अंतर १० सेमी, वस्तू १५ सेमीवर. आता f = −10, u = −15.

```
1/v = −1/10 − 1/15 = −1/6
v = −6 cm
```

चुका करून पाहिल्या तर पुन्हा तेच चार आकडे येतात. फक्त f चं चिन्ह विसरलं तर ३०, फक्त u चं विसरलं तर −३०, भिंगाचं सूत्र वापरून दोन्ही विसरलं तर ६. म्हणजे दोन्ही प्रश्नांना एकच पर्यायसंच द्यायचा: −३०, −६, ६, ३०. चिन्हं न टाकता आरशाचं सूत्र वापरणारा मुलगा इथेही ३० वर खूण करतो. उत्तरपत्रिकेत सलग दोनदा ३० दिसलं की ओळखायचं: हा चिन्हांशिवाय गणित सोडवतोय, नाहीतर अंतर्वक्राच्या f चं उणे चिन्ह विसरतोय; कोणतं ते रीत बघून कळतं. पहिल्याला ३०, दुसऱ्याला −६ आलं तर त्याच्या पाठीवर थाप द्या.

पहिल्या प्रश्नावरून काहीजण थेट सूत्राकडे न जाता अंदाजही बांधतात: वस्तू F आणि 2F यांच्यामध्ये आहे, म्हणजे प्रतिमा 2F च्या पलीकडे, म्हणजे २० सेमीहून जास्त, पर्यायांत ३० एकटंच उरतं. मला तर हा अंदाज आवडतो. तो बांधता येणं हे धडा समजल्याचं लक्षण आहे. पण गणिताची पायरी तपासायची असेल तर पर्याय काढून टाका आणि रीत लिहायला सांगा.

आकडे बदलून आणखी प्रश्न कसे काढू?

जोडी बदला, पण आधी सोडवून बघा. f २० आणि u ३० घेतलं तर बहिर्वक्राला ६० आणि अंतर्वक्राला −१२ येतं. f १२ आणि u ३६ घेतलं तर १८ आणि −९. दोन्ही जोड्या स्वच्छ सुटतात.

काही जोड्या दिसायला सोप्या असतात आणि घात करतात. f १० आणि u २० घेतलं की वस्तू 2F वर येते, प्रतिमाही २० सेमीवरच मिळते, आणि प्रश्नातला आकडा तसाच उतरवणाऱ्याला गुण जातो. f १० आणि u ५ घेतलं तर v = −१० येतं, म्हणजे परत प्रश्नातलाच आकडा, फक्त चिन्ह बदलून. आभासी प्रतिमेसाठी u ६ घ्या; v = −१५ सेमी येतं आणि विशालन +२.५.

शक्तीच्या प्रश्नात तर १० सेमी टाळाच. सेंटिमीटरचे मीटर करून उत्तर १० डायऑप्टर येतं आणि मीटर न करता ‘१०’ उतरवून काढलं तरी १०च येतं. २० सेमी घ्या. बरोबर उत्तर ५ डायऑप्टर. पर्यायात −५ ठेवा (भिंग अंतर्वक्र समजला), ०.०५ ठेवा (मीटर केले नाहीत) आणि २० ठेवा (आकडा उतरवला).

व्याख्या आणि डोळ्याच्या भागांवरचे प्रश्न सोपे असतात ना?

काढायला सोपे असतात, म्हणून हलगर्जीपणा होतो. मराठीत लिंगावरून उत्तर फुटतं. हे वाक्य बघा: ‘बुबुळाच्या मध्यभागी असलेली ____ प्रकाशानुसार लहानमोठी होते.’ पर्याय: पारपटल, बाहुली, दृष्टिपटल, नेत्रभिंग. ‘असलेली’ आणि ‘लहानमोठी’ या दोन शब्दांनीच उत्तर सांगून टाकलं, कारण चारांत स्त्रीलिंगी शब्द एकटा बाहुली. डोळ्याचा धडा न वाचलेलं मूलही हे सोडवेल. तोच प्रश्न असा विचारा: ‘डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशानुसार आकार बदलणारा, बुबुळाच्या मध्यभागी असणारा भाग कोणता?’ आता ‘भाग’ या शब्दामागे चारही पर्याय बसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे स्लाइडवरचं वाक्य जसंच्या तसं उचलून गाळलेली जागा करण्याची सवय. ‘निकटदृष्टिता: अंतर्वक्र भिंग’ अशी स्लाइड असेल, तर तिच्यावर असा प्रश्न बसवता येतो: एका मुलीच्या चष्म्याच्या कागदावर दोन्ही डोळ्यांपुढे −2.00 लिहिलं आहे. भिंग कोणतं? नाभीय अंतर किती? चष्मा काढला तर तिला हातातलं पुस्तक अवघड जाईल की फळा? उत्तर: अंतर्वक्र, −५० सेमी, फळा. वर्गात असा कागद घरी असलेली मुलं हमखास असतात आणि एरवी मान खाली घालून बसणारीही इथे बोलतात.

‘वरीलपैकी सर्व’ आणि ‘वरीलपैकी नाही’ हे पर्याय द्यावेत का?

नकोत. चौथा पर्याय सुचत नाही तेव्हाच ते येतात. चांगले तीन सुचले असतील तर तीनच द्या.

उत्तरसूचीत किती लिहायचं?

एवढं, की तुम्ही रजेवर असताना दुसऱ्या शिक्षकांनी पेपर तपासला तरी गुण तेच पडावेत. वरच्या अंतर्वक्र भिंगाच्या प्रश्नाची नोंद मी अशी ठेवेन:

> उत्तर: −६ सेमी. प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, आभासी, सुलट, लहान (विशालन +०.४).
> ३० निवडल्यास: f चं चिन्ह विसरलं, किंवा आरशाचं सूत्र चिन्हांशिवाय वापरलं; कोणतं ते रीत बघून ठरवा.
> −३० निवडल्यास: u चं चिन्ह विसरलं.
> ६ निवडल्यास: दोन्ही चिन्हं विसरली.
> स्लाइड: चिन्हसंकेत. पान: पुस्तकातलं लिहा.

रीत लिहायचा तीन गुणांचा प्रश्न असेल तर गुण पायऱ्यांना वाटा. माझ्या मते चिन्हांसह किमती लिहिण्याला एक पूर्ण गुण, सूत्र आणि आकडेमोड यांना मिळून एक, आणि एककासह उत्तर व प्रतिमेचं स्वरूप यांना एक. चिन्हांचा गुण वेगळा काढला नाही, तर मघाचा दोन चुका करून ३० काढणारा मुलगा पूर्ण गुण घेऊन जातो.

आकृतीच्या प्रश्नांची उत्तरसूची कशी करायची?

नुसती तयार आकृती चिकटवून भागत नाही. तीन गोष्टी शब्दांत लिहा: किमान दोन किरण हवेत, अपवर्तित किरणांवर बाणाची दिशा हवी, आभासी प्रतिमेकडे मागे वाढवलेले किरण तुटक रेषेने हवेत. स्लाइडवरची आकृती ॲनिमेशनने एकेक किरण दाखवत असेल तर छापताना सगळे किरण एकदम येतात. प्रश्नासाठी किरण काढून फक्त भिंग, अक्ष आणि वस्तू ठेवलेली प्रत वेगळी करा.

चाचणी गुगल फॉर्मवर घेतली तर?

Settings मध्ये Make this a quiz सुरू करा. मग प्रत्येक प्रश्नाखाली Answer key येतं. तिथे चुकीच्या उत्तरासाठी सूचना लिहायची सोय आहे, पण चुकीच्या सगळ्या पर्यायांना एकच सूचना जाते. ‘६’ला वेगळी आणि ‘−६’ला वेगळी देता येत नाही. म्हणून पर्यायवार नोंद आपल्या उत्तरसूचीतच राहते.

लघुउत्तराचा प्रश्न दिलात तर जपून. फॉर्म अक्षर न् अक्षर ताडून बघतो. उत्तर म्हणून तुम्ही 30 ठेवलंत आणि मुलाने ‘३०’, ‘30 cm’ किंवा ‘३० सेमी’ लिहिलं, तर ते चूक धरलं जातं. उणे चिन्हाचंही तसंच. कीबोर्डवरची आडवी रेघ आणि खरं वजा चिन्ह ही वेगळी अक्षरं आहेत. प्रश्नातच लिहा, ‘फक्त संख्या लिहा, एकक नको’, आणि देवनागरी व इंग्रजी अंकांतली दोन्ही रूपं उत्तरांत घाला. याउपर बहुपर्यायी प्रश्न दिलेला परवडला.

Shuffle option order सुरू केलं तर आकड्यांचा चढता क्रम मोडतो आणि ‘बरोबर उत्तर: ड’ असं लिहिलेली सूची निरुपयोगी होते. सूचीत अक्षर न लिहिता किंमत लिहा.

वर्गात सेमी-इंग्रजीची मुलं आहेत. दोन चाचण्या काढू का?

आकडेमोडीचे प्रश्न एकच ठेवा. u, v, f दोन्हीकडे तेच. व्याख्यांचे प्रश्न मात्र त्या-त्या माध्यमाच्या पुस्तकातल्या शब्दांत वेगळे लिहा. मराठीवरून इंग्रजी करताना लिंगाची खूण जाते, पण a आणि an वरून नवी खूण तयार होते, तेवढं बघा.

उत्तरसूची बरोबर आहे हे कसं तपासू?

सहकाऱ्याला सूची न देता फक्त प्रश्न द्या आणि सोडवायला सांगा. स्वतःचीच सूची पुन्हा वाचली तर नजर बरोबर तीच चूक ओलांडून जाते. बहिर्वक्र भिंगाच्या प्रश्नाला आणखी एक पक्की कसोटी आहे: प्रयोगशाळेतलं १० सेमीचं भिंग, मेणबत्ती आणि पांढरा कागद. ज्योत १५ सेमीवर ठेवली की कागदावर उलटी, दुप्पट मोठी ज्योत ३० सेमीच्या आसपास स्पष्ट होते. भिंगावर छापलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. आधी खिडकीसमोर धरून लांबच्या झाडाची प्रतिमा कागदावर घ्या आणि ते अंतर मोजा. ११ सेमी निघालं, तर ज्योत १५ सेमीवर असताना प्रतिमा ३० ऐवजी ४१ सेमीच्या पुढे जाते आणि मुलं म्हणतात, सर, उत्तरसूची चुकली.

उत्तरसूची मुलांच्या हातात कधी द्यायची?

पेपर गोळा झाल्यावर लगेच बरोबर उत्तरं सांगा. पर्यायवार नोंद त्या दिवशी देऊ नका. दुसऱ्या दिवशी पेपर परत देताना ज्याने ६ लिहिलंय त्याला विचारा, ‘तुझं ६ कसं आलं ते फळ्यावर करून दाखव.’ रीत करून झाल्यावर मग नोंद वाचायला द्या.